टाकताना चार ठिकाणी, काढताना एकाच

रक्तदात्यांसाठीचे आवाहन आपल्याकडे सोशल मीडियावर रोज कुठेतरी दिसते. रुग्णाचे नाव, रुग्णालय, वॉर्ड, रक्तगट, नातेवाइकाचा मोबाइल नंबर आणि शेवटी ‘कृपया शेअर करा’. गरज खरी असते आणि वेळ थोडा असतो. त्यामुळे असे काम करणारे गट आवाहन एकदाच लिहितात आणि ते आपोआप तीन-चार प्लॅटफॉर्मवर जाईल अशी व्यवस्था करून ठेवतात. या व्यवस्थेला क्रॉसपोस्टिंग म्हणतात. संध्याकाळी रक्त मिळते, लिहिणारा कार्यकर्ता मूळ पोस्ट डिलीट करतो आणि पुढच्या कामाला लागतो. नातेवाइकाचा फोन मात्र वाजत राहतो, कारण डिलीट झाली ती एकच पोस्ट. बाकीच्या प्रती जिथल्या तिथे आहेत, त्यावर नंबर आहे, रुग्णाचे नाव आहे, वॉर्डही आहे.

यावर ठरलेले उत्तर असते: इंटरनेटवर टाकलेले कधी पुसले जात नाही. कोणीतरी काढलेला स्क्रीनशॉट, कोणीतरी पुढे पाठवलेला मजकूर, यांच्या बाबतीत हे बरोबर आहे. त्या प्रती दुसऱ्यांच्या हातात असतात आणि त्या कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसते. क्रॉसपोस्टिंगची गोष्ट निराळी आहे. इथली प्रत तुमच्याच दुसऱ्या खात्यावर असते, तुमच्याच परवानगीने तयार झालेली असते, आणि ती तयार करणारे टूल कोणते हेही तुम्हाला ठाऊक असते. तरीही ती राहते. तिचे राहणे अटळ नाही. कोणीतरी टूल बांधताना पोस्ट टाकण्याची वाट बांधली आणि काढण्याची बांधली नाही, म्हणून ती राहते. ही वाट बांधणे टूल आणि प्लॅटफॉर्म यांचे कर्तव्य मानले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे कळण्यासाठी आत काय घडते ते पाहावे लागेल.

मास्टोडॉन आणि ब्लूस्काय या दोन सोशल मीडिया प्लॅटफॉर्मची जोडी उदाहरणाला घेतो. मराठीत या दोन्हींचा वापर फेसबुकच्या मानाने थोडा आहे, पण दोन्हींची आतली रचना उघड आणि कागदोपत्री लिहिलेली आहे, त्यामुळे प्रत्येक पाऊल तपासून पाहता येते. एखाद्या गटाने आपल्या मास्टोडॉन खात्यावरची प्रत्येक पोस्ट ब्लूस्कायवर जावी म्हणून एक टूल जोडले आहे, असे समजा. जोडताना त्याने दोन्हीकडे परवानगी दिली. ती परवानगी टूलकडे टोकनच्या रूपात राहते, आणि टोकन असेपर्यंत टूल त्या खात्याच्या वतीने वाचू आणि लिहू शकते.

साधे टूल दर काही मिनिटांनी मास्टोडॉनला एकच प्रश्न विचारते:

```
GET /api/v1/accounts/:id/statuses?since_id=...
```

मागच्या वेळी पाहिलेल्या पोस्टच्या क्रमांकानंतर या खात्यावर नवीन काय आले, एवढाच याचा अर्थ. नवीन काही असेल तर टूल त्याचा मजकूर उचलते, चित्र असेल तर ते उतरवून घेते, ब्लूस्कायवर पुन्हा चढवते आणि `createRecord` ही आज्ञा देऊन तिथे पोस्ट तयार करते. मग शेवटचा पाहिलेला क्रमांक बदलून ठेवते आणि थांबते.

या साध्या क्रमातच सगळी अडचण आहे. टूलने विचारले ते फक्त ‘नवीन काय’. जुन्यातले काय नाहीसे झाले, हे त्याने विचारलेच नाही, म्हणून त्याला कोणी सांगितलेही नाही. पोस्ट डिलीट होणे ही उत्तराच्या यादीत दिसणारी घटना नाही, ती यादीतली एक अनुपस्थिती आहे. त्यातही ही यादी मर्यादित असते. एका वेळी वीस-चाळीस पोस्टच मिळतात. एखादी जुनी पोस्ट यादीत दिसली नाही तर ती काढली गेली की नव्यांच्या गर्दीत मागे सरकली, हे नुसत्या यादीवरून ओळखता येत नाही. फीड वाचून चालणाऱ्या टूलांची गत याहून वाईट असते, कारण फीडमध्ये शेवटच्या काही नोंदींपलीकडे काहीच नसते.

दुसरी गोष्ट ब्लूस्कायच्या बाजूची. तिथे जी पोस्ट तयार झाली ती ब्लूस्कायच्या दृष्टीने कुणाचीही प्रत नाही. तुमच्या खात्यावरून आलेली ती एक स्वतंत्र, नवी पोस्ट आहे. तिला स्वतःचा पत्ता मिळतो, `at://` ने सुरू होणारा. मास्टोडॉनवरच्या क्रमांकाशी त्याचा काहीही संबंध नसतो. मूळ पोस्ट कुठली, हे सांगणारा रकाना त्या नोंदीत आपसूक भरला जात नाही. चित्रही नव्याने चढवलेले असल्यामुळे त्याचा पत्ता वेगळा, आणि ब्लूस्कायच्या आकारमर्यादेत बसावे म्हणून ते लहान केले असेल तर फाइलही वेगळी. एकदा हे झाले की त्या दोन पोस्टमधला दुवा जगात एकाच ठिकाणी उरू शकतो, तो म्हणजे टूलची स्वतःची नोंदवही. `createRecord` ने परत दिलेला पत्ता टूलने मूळ क्रमांकापुढे लिहून ठेवला असेल तर दुवा आहे. फक्त शेवटचा पाहिलेला क्रमांक लिहिला असेल तर दुवा संपला. मग ‘या पोस्टची प्रत कुठे आहे’ याचे उत्तर मास्टोडॉनला देता येत नाही, ब्लूस्कायला देता येत नाही आणि टूललाही नाही.

आता रक्ताच्या आवाहनाकडे परत येऊ, कारण या यंत्रणेतले खरे नुकसान चुकीच्या दुरुस्तीत दिसते.

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कार्यकर्ता मास्टोडॉनवर आवाहन टाकतो. मजकूर साडेचारशे अक्षरांचा आहे. मास्टोडॉनची नेहमीची मर्यादा पाचशेची, त्यामुळे तिथे तो एका पोस्टमध्ये मावतो. ब्लूस्कायची मर्यादा तीनशेची आहे. सव्वादहाला टूल येते, मजकुराचे दोन तुकडे करते आणि एकाखाली एक अशा दोन पोस्ट टाकते. मोबाइल नंबर आवाहनाच्या शेवटी होता, म्हणून तो दुसऱ्या तुकड्यात गेला. दहा चाळीसला कोणीतरी कळवते की नंबरातला एक आकडा चुकला आहे. तो चुकलेला नंबरही कुणाचा तरी आहे, ज्याचा या रुग्णाशी काडीचाही संबंध नाही.

कार्यकर्ता मास्टोडॉनवर ‘Delete & re-draft’ निवडतो. ही सोय चांगली आहे: पोस्ट काढली जाते आणि तिचा मजकूर लिहिण्याच्या चौकटीत परत येतो. तो आकडा दुरुस्त करतो आणि पोस्ट करतो. मास्टोडॉनसाठी ही नवीन पोस्ट आहे, तिला नवा क्रमांक मिळतो. पावणेअकराला टूल पुन्हा विचारते, नवीन काय. त्याला नवीन क्रमांक दिसतो. जुना नाहीसा झाल्याचे त्याला दिसत नाही. ते ब्लूस्कायवर आणखी दोन पोस्ट टाकते. आता तिथे एकाच खात्यावर चार पोस्ट आहेत: दोन चुकीच्या, दोन बरोबर, आणि नंबर नीट ताडून पाहिल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही. ज्यांनी पहिली जोडी आधीच पुढे पाठवली त्यांच्या अनुयायांपुढे चुकीचा नंबरच फिरत राहतो. त्या नंबरचा मालक दिवसभर अनोळखी लोकांना सांगत बसतो की माझ्याकडे कोणी पेशंट नाही.

त्याने डिलीट न करता मास्टोडॉनवरची दुरुस्तीची सोय वापरली असती तर? मग क्रमांक तोच राहिला असता आणि टूलला काही बदलल्याचे कळलेच नसते. ब्लूस्कायवर फक्त चुकीची जोडी उरली असती. म्हणजे दोन्ही वाटांनी चूक तिथेच राहते. पहिल्या वाटेने निदान बरोबर नंबरही पोचतो, एवढाच फरक.

रात्री रक्त मिळते. कार्यकर्ता मूळ पोस्ट काढून टाकतो, त्याचे मास्टोडॉन खाते स्वच्छ दिसते. ब्लूस्कायवर चारही पोस्ट शाबूत आहेत. कुणी त्या खात्यावर जाऊन मुद्दाम पाहिल्याशिवाय हे लक्षात यायचा मार्ग नाही, आणि क्रॉसपोस्टिंग लावण्यामागचा हेतूच मुळी तिथे जावे लागू नये हा होता. ज्या सोयीने चार ठिकाणचे लक्ष एका ठिकाणी आणले, तीच सोय बाकीच्या तीन ठिकाणांवरची नजर काढून घेते. या विषयातला सर्वांत मोठा धोका मला इथे वाटतो.

आणखी एक बारीक जागा आहे, ती वेळेची. काही टूल मजकूर उचलून आधी आपल्या रांगेत ठेवतात आणि थोड्या वेळाने पाठवतात, किंवा पहिला प्रयत्न फसला तर नंतर पुन्हा पाठवतात. मूळ पोस्ट त्या मधल्या काळात डिलीट झाली तरी रांगेतला मजकूर रांगेतच असतो. अशा वेळी प्रत मूळ पोस्टच्या मृत्यूनंतर जन्माला येते. आपण काढले, तपासले, कुठेच दिसले नाही म्हणून निश्चिंत झालो, आणि अर्ध्या तासाने ती दुसरीकडे उगवली. डिलीट केल्यावर लगेच तपासणे म्हणूनच पुरेसे नसते.

हे सगळे तांत्रिकदृष्ट्या टाळता येण्यासारखे नाही, असे कुणी म्हटले तर ते मान्य करू नये. उदाहरणे समोर आहेत. मास्टोडॉन हे एकमेकांशी बोलणाऱ्या अनेक सर्व्हरांचे जाळे आहे. ते ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब नियमावलीवर चालते ती जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि तिच्यात डिलीट ही पहिल्यापासून एक स्वतंत्र क्रिया आहे. तुम्ही पोस्ट काढलीत की तुमचा सर्व्हर ज्या सर्व्हरांना ती पाठवली होती त्यांना ‘ही आता काढा’ असा निरोप पाठवतो. तिच्या जागी ‘इथे काहीतरी होते, ते काढले’ एवढे सांगणारी खूण ठेवण्याचीही तरतूद आहे. हा निरोप आज्ञा नाही, विनंती आहे. समोरचा सर्व्हर बंद असेल किंवा त्याने पाळायचे नाही असे ठरवले असेल तर प्रत राहते. पण निरोप जातो तरी. मास्टोडॉन आणि ब्लूस्काय यांना जोडणारा ब्रिजी फेड नावाचा सेतू याच निरोपाचे भाषांतर करून पलीकडची प्रतही काढतो. म्हणजे याच दोन प्लॅटफॉर्ममध्ये, त्याच पोस्टसाठी, डिलीट पलीकडे नेणे शक्य आहे आणि ते चालूही आहे. साधे क्रॉसपोस्टिंग टूल ते नेत नाही, कारण ते बांधणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही.

छोट्या, एकट्या माणसाने फावल्या वेळात लिहिलेल्या टूलबद्दल मी कठोर बोलणार नाही. माझा रोख पैसे घेऊन चालणाऱ्या मोठ्या शेड्युलिंग सेवांकडे आहे. या सेवा तुमची पोस्ट पाच ठिकाणी टाकतात आणि मग एका तक्त्यात दाखवतात की फेसबुकवर इतके लाइक, लिंक्डइनवर इतके, दुसरीकडे इतक्या लोकांनी पाहिले. हे आकडे कुठून आले? प्रत्येक प्रतीचा पत्ता जपून ठेवल्याशिवाय आणि त्या पत्त्यावर परत परत जाऊन विचारल्याशिवाय ते मिळूच शकत नाहीत. तुमच्या कुठल्या पोस्टची कुठली प्रत कुठे आहे, याची तंतोतंत नोंदवही त्यांच्याकडे असते. जिथे प्रत मोजता येते तिथे ती काढण्यासाठी लागणारा पत्ताही हातात असतो. ब्लूस्कायसाठी `createRecord` च्या जोडीला `deleteRecord` आहे, आणि मास्टोडॉनवर पोस्ट लिहिण्याची जी परवानगी आहे तीच काढण्यालाही पुरते. तरीही अशा सेवेच्या यादीतून पोस्ट काढली की अनेकदा ती फक्त त्या यादीतूनच जाते आणि प्लॅटफॉर्मवर राहते. मोजण्यासाठी नोंदवही ठेवली आणि पुसण्यासाठी उघडली नाही, हा निर्णय धंद्याचा आहे. त्याला तंत्रज्ञानाचे नाव देऊ नये.

सर्वांत बोलके उदाहरण इन्स्टाग्राम आणि फेसबुकचे आहे. आपल्याकडचे बहुतेक गट, दुकाने, मंडळे, ढोलपथके इन्स्टाग्रामवर पोस्ट करताना ‘फेसबुकवरही शेअर करा’ हे बटण चालू ठेवतात. दोन्ही प्लॅटफॉर्म एकाच कंपनीचे, खाती एकाच ठिकाणी जोडलेली, मधे बाहेरचे कोणतेही टूल नाही. आणि तरी इन्स्टाग्रामवरची पोस्ट डिलीट केली तर फेसबुकवरची जात नाही, ती तिथे जाऊन वेगळी काढावी लागते. एका कंपनीच्या दोन खोल्यांमध्येही निरोप जात नसेल, तर परक्या कंपन्यांमध्ये तो का जात नाही याचे कारण केवळ तांत्रिक असू शकत नाही. टाकण्याचे बटण एका पडद्यावर दोन ठिकाणांसाठी आहे. काढणे मात्र एकाच ठिकाणापुरते आहे.

प्लॅटफॉर्मची जबाबदारी इथेच संपत नाही. टूलने मनावर घेतले तरी प्लॅटफॉर्मने बाहेरच्या टूलला पोस्ट काढण्याची आज्ञा देऊ दिली पाहिजे. ती नेहमी मिळते असे नाही. थ्रेड्सने जून २०२४ मध्ये टूलांसाठी आपले दार उघडले तेव्हा त्यातून पोस्ट टाकता येत होती, काढता येत नव्हती. ती सोय नंतर आली. इन्स्टाग्रामनेही बाहेरच्या टूलांना पोस्ट टाकू दिल्यावर बराच काळ त्यांना ती काढू दिली नाही. टेलिग्रामच्या बॉटसाठी संदेश काढण्याची सर्वसाधारण मुदत ४८ तासांची आहे, काही अपवाद सोडून. दार आत यायला उघडे आणि बाहेर जायला बंद, अशी रचना प्लॅटफॉर्मच्या फायद्याची असते, कारण मजकूर वाढतो. ती बदलण्याचे काम प्लॅटफॉर्मशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही.

दार एकदम बंद झाले तर काय होते, हे ट्विटरने दाखवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या कंपनीने टूलांसाठीचा मोफत प्रवेश थांबवण्याची घोषणा केली आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत ट्विटरशी जोडलेली कितीतरी छोटी क्रॉसपोस्टिंग टूल बंद पडली. त्यांनी आधी टाकलेल्या प्रती मात्र जागेवरच राहिल्या. टूलसोबत त्यांची नोंदवहीही गेली, म्हणजे कुठली प्रत कशाची, हे सांगणारा शेवटचा दुवा तुटला. त्या दिवशी ज्याला आपले जुने काही काढायचे असेल, त्याला हाताने एकेक पोस्ट शोधण्यावाचून गत्यंतर नव्हते.

या मागणीला होणारा विरोध मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. मूळ पोस्ट गेली की सगळीकडून आपोआप प्रती काढायच्या, असे ठरवले तर काय होईल? मूळ खाते हॅक झाले आणि चोराने सगळ्या पोस्ट उडवल्या, तर टूल आज्ञाधारकपणे बाकी चार ठिकाणचेही सगळे उडवेल. प्लॅटफॉर्मने एखाद्या पत्रकाराचे खाते चुकून निलंबित केले, तर त्याचे लेखन दुसरीकडूनही नाहीसे होईल, आणि खरे तर अशा वेळी दुसरीकडची प्रतच त्याचा आधार असते. सर्व्हर तासभर बंद पडला आणि टूलला रिकामी यादी मिळाली, तर तेही डिलीट समजले जाईल. शिवाय प्रतीखाली दुसऱ्यांनी लिहिलेली उत्तरे असतात. रक्ताच्या आवाहनाखाली कोणीतरी लिहिलेले असते की अमुक रक्तपेढीत हा गट शिल्लक आहे, आणि ते आणखी कुणाच्या तरी उपयोगाचे असू शकते. सार्वजनिक पदावरच्या व्यक्तींच्या बाबतीत तर प्रती टिकणे लोकहिताचे असते. राजकारण्यांनी डिलीट केलेली ट्वीट जपून ठेवणाऱ्या पॉलिटवूप्स या उपक्रमाचा प्रवेश २०१५ मध्ये ट्विटरने तोडला, तेव्हा अनेकांनी निषेध केला होता आणि तो योग्यच होता.

पण या सगळ्या हरकती आपोआप डिलीट करण्याविरुद्ध आहेत. विचारून डिलीट करण्याविरुद्ध त्यांतली एकही टिकत नाही. मी मागतो ते एवढेच: टूलने प्रत्येक प्रतीचा पत्ता मूळ पोस्टपुढे लिहून ठेवावा, पोस्टचे तुकडे केले असतील तर सगळ्या तुकड्यांचे पत्ते लिहावेत, आणि मूळ पोस्ट गेल्याचे कळले की मालकाला यादी दाखवून विचारावे, यांतल्या कोणत्या काढू. गेल्याचे कळणे अवघड नाही. नोंदवहीतल्या अलीकडच्या पोस्टच्या पत्त्यावर अधूनमधून जाऊन पाहिले की उत्तर मिळते. सर्व्हर बंद असेल तर वेगळा संकेत येतो, पोस्ट नसेल तर वेगळा. मास्टोडॉनसारख्या ठिकाणी डिलीटची सूचना थेटही येते. हॅक झालेल्या खात्याचा मालक ‘नको’ म्हणेल, पत्रकार ‘नको’ म्हणेल, रक्तदान गटाचा कार्यकर्ता ‘सगळ्या’ म्हणेल. निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे तो राहील. आज त्याला प्रश्नच विचारला जात नाही.

पॉलिटवूप्सचा मुद्दाही याने बाधित होत नाही. तिथे तिसरा माणूस सार्वजनिक व्यक्तीचे बोलणे जपतो. इथे माझ्याच वतीने, माझ्याच टोकनने काम करणारे टूल माझ्या इच्छेचा अर्धा भाग पाळते आणि अर्धा टाकून देते.

कायदा इथे कितपत मदत करतो? युरोपच्या डेटा संरक्षण नियमावलीत, म्हणजे २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआरमध्ये, कलम १७ माहिती पुसण्याच्या हक्काचे आहे. त्याचे दुसरे उपकलम सांगते की ज्याने माहिती सार्वजनिक केली, त्याला ती पुसावी लागली तर त्याने वाजवी प्रयत्न करून ती माहिती हाताळणाऱ्या इतरांनाही कळवावे की तिचे दुवे, प्रती आणि प्रतिकृती पुसण्याची मागणी झाली आहे. प्रती हा विषय तिथे कायद्याच्या मजकुरातच आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क कलम १२ मध्ये आहे, पण तो ज्या माहितीसाठी त्या व्यक्तीने आधी संमती दिली होती तिच्यापुरता. आणि कलम ३ नुसार, व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. त्यासाठी कायद्यात दिलेले उदाहरणही सोशल मीडियावर स्वतःची माहिती जाहीर करणाऱ्या व्यक्तीचेच आहे.

आता वरचे प्रकरण या चौकटीत ठेवून पाहा. नातेवाइकाने आपला नंबर स्वतःच्या पोस्टमध्ये जाहीर केला असेल, तर तो या कायद्याच्या बाहेर. कार्यकर्त्याच्या चुकीने ज्या तिऱ्हाइताचा नंबर लागला, त्याने कधी संमती दिलीच नव्हती, त्यामुळे संमतीवर उभा असलेला पुसण्याचा हक्क त्याच्या फारसा कामाचा नाही. जी माहिती काढून घेण्याची निकड सर्वांत जास्त आहे, तिथेच कायदा पातळ होतो. सार्वजनिक केलेल्या माहितीला सूट देताना ‘मालकाने ती परत घेतली तर त्याच्या वतीने प्रती तयार करणाऱ्या सेवेने त्या काढण्याची सोय दिली पाहिजे’ एवढे एक वाक्य जोडणे अशक्य नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम अधिसूचित झाले आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ते पुरते रुळण्याआधीच ही मागणी पुढे आली पाहिजे. कर्तव्य टूलवर आणि प्लॅटफॉर्मवर असावे, पोस्ट लिहिणाऱ्या कार्यकर्त्यावर नाही. त्याने एक बटण दाबून आपली इच्छा सांगितली आहे.

तोपर्यंत जे गट अशी आवाहने चालवतात त्यांना कामाचा क्रम तरी बदलावा लागेल. घाईत बहुतेक जण आधी मूळ पोस्ट काढतात आणि घाबरून लगेच टूलची परवानगीही रद्द करतात. हे दोन्ही उलट आहे. मूळ पोस्ट हीच प्रती शोधण्याची खूण असते: तिची वेळ, तिच्यातला एखादा नेमका शब्द, रुग्णालयाचे नाव. ती गेली की शोध आंधळा होतो. आणि टोकन रद्द केले की टूलला पलीकडचे काही काढताच येत नाही, त्याच्याकडे पत्ते असले तरी. म्हणून आधी टूलची रांग पाहावी आणि तिच्यात तो मजकूर असेल तर तो काढावा. मग प्रत्येक प्लॅटफॉर्मवर स्वतः जाऊन प्रती काढाव्यात, लांब मजकुराचे तुकडे झाले आहेत का ते पाहून. मग मूळ पोस्ट काढावी. परवानगी रद्द करायचीच असेल तर ती सर्वांत शेवटी. प्रत नुसत्या लिंकच्या रूपात गेली असेल, तर लिंक मेली तरी तिच्याबरोबर दिसणारे शीर्षक आणि चित्र त्या प्लॅटफॉर्मने आधीच साठवलेले असते, त्यामुळे ती पोस्टही काढावीच लागते. तासाभराने पुन्हा एकदा फेरी मारावी, रांगेतून उशिरा निघालेल्या प्रतीसाठी.

आणि कोणत्याही सेवेचे वर्षाचे पैसे भरण्याआधी एक चाचणी करून पाहावी. दोन ओळींची निरुपद्रवी पोस्ट टाकावी, ती सगळीकडे पोचली की मूळ ठिकाणी दुरुस्त करावी, मग डिलीट करावी, आणि तासाने प्रत्येक खाते उघडून पाहावे की काय उरले. प्रती उरल्या आणि सेवेने त्यांची यादीही दाखवली नाही, तर विक्रेत्याला लेखी विचारावे की लाइक मोजण्यासाठी तुमच्याकडे प्रत्येक प्रतीचा पत्ता आहे, मग काढण्यासाठी तो का वापरता येत नाही. पैसे भरणाऱ्या शंभर गटांनी हा प्रश्न विचारला तर ती सोय पुढच्या आवृत्तीत येईल, असा माझा विश्वास आहे. टाकण्याच्या सगळ्या सोयी अशाच मागणीतून आल्या आहेत.